हलकं पण फुगीर पार्सल: व्हॅक्यूम पाऊच की मापाचं खोकं?

कुशन, उशा, सॉफ्ट टॉय असला माल कुरिअरने पाठवायला लागलात की पहिल्याच बिलाला धक्का बसतो, कारण काट्यावर सव्वा किलो भरलेलं पार्सल बिलात दहा-अकरा किलोचं दिसतं. मग दोनच रस्ते सुचतात, एक म्हणजे मालातली हवा खेचून काढायची आणि चपटं करून प्लास्टिकच्या पाऊचमधून पाठवायचं, दुसरा म्हणजे हाताने दाबून नेमक्या मापाच्या खोक्यात बसवायचं. मी दोन्ही करून पाहिलंय, आधी बरेच महिने पाऊच आणि आता खोकं. तुमचा माल वेगळा असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं हे आधीच सांगतो, माझा सगळा अनुभव पॉलिस्टर फायबर भरलेल्या कुशनचा आहे.

व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, ५००० ने भागायचं, किलो मिळतात, आणि हे किलो आणि काट्यावरचे किलो यातलं जे जास्त त्यावर बिल. पण त्या ५००० चा अर्थ लक्षात ठेवायला मला एक सोपी रीत सापडली. १००० घन सेंटिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणजे कुरिअरवाला म्हणतोय की पाच लिटर जागा अडवलीत तर एक किलोचे पैसे द्या. एवढंच. आपलं पार्सल लिटरमागे २०० ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर जागेचे पैसे लागणार, जड असेल तर वजनाचे.

आणि हे त्यांनी उगाच लावलेलं नाही हेही मान्य करायला हवं. गाडी किंवा विमानाचं पोट दोन प्रकारे भरतं, एकतर वजनाची मर्यादा संपते नाहीतर जागा संपते, आणि घरगुती खरेदीच्या पार्सलांमध्ये बहुतेक वेळा जागाच आधी संपते. पाच हजाराचा भाजक म्हणजे एका घनमीटर जागेतून किमान २०० किलोचं भाडं मिळालं पाहिजे असा त्यांचा हिशोब. विमानाच्या मालवाहतुकीत विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा, तिचा जुना भाजक ६००० आहे, म्हणजे घनमीटरला साधारण १६७ किलो, कुरिअर कंपन्यांनी तो ५००० वर आणून जरा कडक केला. पूर्वी हे प्रकरण मुख्यतः विमानाने जाणाऱ्या मालापुरतं होतं. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स यांनी २०१४ च्या अखेरीस आणि २०१५ च्या सुरुवातीला रस्त्याने जाणाऱ्या लहान खोक्यांनाही ते लावलं, त्याआधी तिथे रस्त्याच्या पार्सलात तीन घनफुटांपेक्षा लहान खोकी यातून सुटायची.

आता माझा माल. ४० सेंटिमीटर चौरस कुशन, एकात ४५० ग्रॅम फायबर, दोनचा जोड विकला जातो. म्हणजे माल ९०० ग्रॅमचा. न दाबता एकावर एक ठेवून आरामात बसतील असं खोकं घेतलं तर ४२ × ४२ × ३०, गुणाकार ५२,९२०, भागिले ५००० म्हणजे १०.५८ किलो. स्लॅब अर्ध्या किलोचा, म्हणजे वर सरकून ११ किलो. काट्यावर खोक्यासकट सगळं मिळून १.४ किलो. इथे कुणीही दाबायचाच विचार करणार, त्यामुळे न दाबलेल्या खोक्याबद्दल आणखी काही लिहीत नाही.

पाऊचची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच मोहात पाडणारी आहे. दोन कुशन व्हॅक्यूम पिशवीत घालायची, घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने हवा खेचायची, पिशवी कडक होऊन पाटासारखी चपटी होते, ती कुरिअरच्या पाऊचमध्ये सरकवली की झालं. माझ्या टेबलावर मेजर टेप लावून माप यायचं ४० × ३८ × ६. गुणाकार ९,१२०, म्हणजे १.८२ किलो, स्लॅब २ किलो. अकरावरून दोनवर! खोक्याचा खर्च नाही, साठवायला जागा नाही, एका जोडाला चार-पाच मिनिटं. मला वाटलं प्रश्न मिटला.

खोक्यात हे आकडे येत नाहीत. कुशन पातळ पिशवीत घालून गुडघ्याने दाबून हवा काढायची, पिशवीचं तोंड टेपने बंद करायचं आणि फुगायच्या आत खोक्यात कोंबायचं, तरी फायबर काही व्हॅक्यूमइतका दबत नाही. माझं आताचं खोकं बाहेरून २५ × २५ × २६ आहे, गुणाकार १६,२५०, म्हणजे ३.२५ किलो, स्लॅब ३.५. म्हणजे कागदावर पाऊच दीड किलोने स्वस्त, आणि खोक्याची किंमत वेगळीच. असं असूनही मी खोक्याकडे आलो त्याचं कारण एकच आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो.

कुरिअरवाला माप तुमच्या टेबलावर घेत नाही. तो हबमध्ये घेतो. पट्ट्यावरून पार्सल जातं, वर कॅमेरा किंवा लेझरचं यंत्र असतं, ते एका झटक्यात वजन, बारकोड आणि तिन्ही बाजू टिपतं. हे यंत्र वस्तूचा खरा आकार मोजत नाही, ती वस्तू पूर्ण मावेल असा सगळ्यात लहान चौकोनी डबा मोजतं. म्हणजे पाऊचच्या मध्यभागी जो उंच फुगवटा आहे तीच सगळीकडची उंची, आणि कडेला जी सीलची पट्टी लोंबतेय ती पण लांबीतच धरली. गोल नळकांडं असलं तरी त्याला चौकोनी डब्याचेच पैसे.

आणि व्हॅक्यूम पिशवी तोवर तशीच राहत नाही हो. पातळ पिशवीला एवढीशी सुई टोचल्याइतकी चीर पडली, किंवा झिप एका कोपऱ्यात नीट दबली नाही, की आतलं फायबर स्प्रिंगसारखं हळूहळू हवा ओढून घ्यायला लागतं. टेबलावर अर्धा तास ठेवून काही कळत नाही. मी एकदा चार बंद पिशव्या रात्रभर कपाटावर ठेवल्या, सकाळी दोन तशाच पाटासारख्या, एक मऊ पडलेली आणि एक पूर्ण फुगलेली, आणि रात्री चारही सारख्याच दिसत होत्या. त्यात पिकअपच्या पोत्यात बाकीच्या खोक्यांचे कोपरे घासणार, ते वेगळंच.

मग बिलं अशी यायला लागली. त्याच मालाचं, त्याच माणसाने त्याच टेबलावर पॅक केलेलं पार्सल एकदा ४० × ३८ × ६ मोजलं जायचं म्हणजे २ किलो, एकदा ४२ × ४० × ९ म्हणजे ३.०२ किलो, आणि तो वीस ग्रॅमचा फरक पण वरच्याच स्लॅबमध्ये ढकलतो म्हणून ३.५, आणि पूर्ण हवा भरलेलं असेल तर ४३ × ४१ × १३ म्हणजे ४.५८, बिल ५ किलोचं. एका खेपेत १२ पाऊच गेले होते, त्यातले ५ दोन किलोचे निघाले, ४ साडेतीनचे, ३ पाचचे. बेरीज ३९ किलो. हेच बारा खोक्यातून गेले असते तर ४२ किलो झाले असते. म्हणजे नीट बघितलं तर सरासरीत पाऊच तेव्हाही थोडा स्वस्तच होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण हा फरक पार्सल निघून गेल्यावर आठ-दहा दिवसांनी खात्यातून वळता व्हायचा. गिऱ्हाइकाकडून दोन किलोचे पाठवणीचे पैसे आधीच घेतलेले असतात, त्याला आता फोन करून सांगणार काय की तुमची पिशवी वाटेत फुगली? ते पैसे आपल्याच मार्जिनमधून जातात, आणि कुठल्या पार्सलचे जाणार हे पॅक करताना कळत नाही, त्यामुळे किंमत लावतानाच गोंधळ. पाचचा हिशोब धरून किंमत लावली तर महाग वाटून ऑर्डर जाते, दोनचा धरला तर बारापैकी सातांमध्ये खिशाला चाट.

तक्रार करून बघितली. त्यांना पार्सलचा फोटो लागतो, तिन्ही बाजूंना टेप लावलेला, लेबल दिसेल असा. मी पाठवला, उंची ६ सेंटिमीटर अगदी स्पष्ट दिसत होती. त्यांनी उत्तरात हबमधला फोटो पाठवला, त्यात माझाच पाऊच उशीसारखा गोल झालेला. फोनवरचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, "सर, तुमचा फोटो खरा आहे, पण आमच्याकडे आलं तेव्हा ते असं होतं." आणि त्याचं बरोबरच होतं. गाडीत जागा त्या फुगलेल्या पाऊचनेच अडवली होती ना. मला खरा त्रास झाला तो याचा, की मी पाठवलेलं माप खरं आणि त्यांनी मोजलेलं पण खरं, म्हणजे ही तक्रार मी कधीच जिंकू शकणार नव्हतो. खोक्याच्या बाबतीत पुढे एकदा ३.५ ऐवजी ५.५ किलो लागले होते, तेव्हा असाच फोटो पाठवला आणि तीन दिवसांत पैसे परत आले, कारण पुठ्ठ्याचं खोकं २५ चं ३० होत नाही हे दोन्हीकडच्यांना दिसतं. बहुधा दुसऱ्या पार्सलला चिकटून पट्ट्यावरून गेलं असावं.

परत येणाऱ्या मालाचाही विचार करा. गिऱ्हाइकाने उघडलं, रंग आवडला नाही, परत पाठवतोय. त्याच्या घरी व्हॅक्यूम काढत बसणार नाही तो, तो फुगलेली कुशन मिळेल त्या पिशवीत भरून देणार आणि येतानाचं भाडं सहा-सात किलोचं लागणार. खोकं असेल तर निदान त्याच खोक्यात दाबून बसवायला त्याला सांगता येतं, बरेचजण करतात, सगळे नाही.

व्हॅक्यूमच्या बाजूने एवढं सांगायला हवं की जाड नायलॉनच्या, एकेरी व्हॉल्व्ह असलेल्या पिशव्या पातळ पिशव्यांपेक्षा कितीतरी चांगल्या टिकतात. मी थोड्या आणल्या होत्या आणि त्यातल्या फारच कमी फुगल्या. पण त्या महाग पडतात, गिऱ्हाईक त्या परत देत नाही, आणि एखादी फुगलीच तर पुन्हा तेच पाच किलो. तुमचा माल महाग असेल आणि पिशवीचा खर्च त्यात मुरत असेल तर हा रस्ता जरूर बघा.

दोन्ही एकत्र करायचं, म्हणजे व्हॅक्यूम करून मग ४१ × ३९ × ८ च्या चपट्या खोक्यात, हे पण केलं. गुणाकार १२,७९२, म्हणजे २.५६, स्लॅब ३. खोक्याच्या साडेतीनपेक्षा अर्धा किलो कमी. चांगलं वाटतं, पण पिशवी सुटली की आतून फायबर ढकलतं आणि चपट्या खोक्याचे मोठे फ्लॅप पोट काढतात, ८ चे १० सेंटिमीटर झाले की ३.२ किलो, परत ३.५ स्लॅब, शिवाय मधली टेप उचकटते ते वेगळं.

यातूनच मला खोक्याच्या आकाराची गोष्ट कळली आणि निवड करताना तिचा फार उपयोग होतो. माझं पहिलं खोकं ३८ × ३८ × १२ होतं. गुणाकार १७,३२८, म्हणजे ३.४७ किलो, साडेतीनच्या स्लॅबमध्ये अगदी काठावर बसणारं, आणि मी खूश. पण झाकण एक सेंटिमीटर फुगलं की १३ उंचीने १८,७७२, म्हणजे ३.७५, बिल ४ किलोचं. आणि ते फुगायचंच, कारण ३८ सेंटिमीटरच्या रुंद झाकणाला मधे आधार काहीच नाही. सगळ्यात लहान बाजू जी असते तिथला एक सेंटिमीटर सगळ्यात महाग पडतो, १२ वर एक म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त, तेच ३८ वर एक म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी कुशन मधोमध दुमडून ठोकळ्यासारखं खोकं करून घेतलं. २५ × २५ × २६ मध्ये बाजू लहान म्हणून पोट कमी निघतं, आणि एखादी बाजू एक सेंटिमीटर फुगलीच तर २५ × २६ × २६, म्हणजे १६,९००, ३.३८ किलो, साडेतीनच्या आतच. दोन बाजू एकदम फुगल्या, २६ × २६ × २६, तर मात्र ३.५२ होऊन स्लॅब सुटतो, म्हणून मी टेप नुसती मधल्या फटीवर न लावता दोन्ही दिशांनी पूर्ण फेरा मारतो. दुमडल्याची घडी कुशनवर दिसते, उघडून थोपटली आणि काही तास ठेवली की जाते, तशी चिठ्ठी आत टाकतो. फक्त दाबलेली खोकी आठवडेच्या आठवडे गोडाऊनमध्ये ठेवू नका, फायबर बसून जातो आणि मग पूर्ण फुगत नाही. व्हॅक्यूमला हे आणखीच लागू.

खोकं बनवून घेताना आतलं माप सांगायचं की बाहेरचं हे स्पष्ट बोला. खोकीवाले सवयीने आतलं माप धरतात आणि कुरिअर बाहेरचं. तीन पदरी पुठ्ठा ३-४ मिलिमीटरचा, पाच पदरी ६-७ चा, आणि उंचीच्या बाजूला वर दोन आणि खाली दोन असे फ्लॅपचे चार थर येतात. म्हणजे पाच पदरी घेतलं तर उंची आतल्या मापापेक्षा अडीच सेंटिमीटरने वाढते. कुशन काही फुटणारी वस्तू नाही, तीन पदरी पुरतं. त्यात यंत्र किंवा बिल बनवणारी सिस्टिम अपूर्णांक वरच्या पूर्ण सेंटिमीटरला नेत असेल तर २५.२ चे २६ धरले जातात, म्हणून मी बाहेरून २४.७ च्या आसपास येईल असं सांगतो.

कुरिअर बदलून हा प्रश्न सुटतो का असं विचाराल तर थोडाफार. दर कमी सांगणारा भेटला की आधी भाजक विचारा. माझं तेच खोकं ६००० ने भागलं तर २.७१, स्लॅब ३. ४००० ने भागलं तर ४.०६, म्हणजे साठ ग्रॅमसाठी साडेचार किलो. आता ४००० वाल्याचा किलोचा दर १५ टक्क्यांनी कमी असला तरी ४.५ चे ८५ टक्के म्हणजे ३.८ च्या वर जातात, ५००० वाल्याच्या साडेतीनपेक्षा महागच. जड माल असेल तर तोच कमी दर फायद्याचा, त्यामुळे तो वाईट असं म्हणत नाही, आपल्या मालाला जमत नाही इतकंच.

आता माझ्याकडे कुशनचा प्रत्येक जोड खोक्यातून जातो, साइटवर पाठवणीचे पैसे साडेतीन किलोचे लावलेले असतात आणि महिनाअखेरीला ते बिलाशी जुळतात. नुसते अभ्रे पाठवायचे असतील तेव्हा मात्र मी आजही पाऊचच घेतो. चार अभ्र्यांची घडी ३० × २५ × ४ ची होते, जागेच्या हिशोबाने ६०० ग्रॅम, काट्यावर ८००. ते वाटेत फुगत नाहीत, आणि एक सेंटिमीटर वाढून ५ झाली तरी साडेसातशेच, बिल वजनावरच लागतं.